बोलक्या डबीवरची जुनी गाणी : आजीबाईंच्या हाती देण्याचा कागद

पुण्यामुंबईला नोकरीला असलेली मुले-पुतणे दिवाळीला घरी येताना अलीकडे मिठाईच्या खोक्याबरोबर आणखी एक खोके आणतात. त्यातून मोसंब्याएवढी एक गोल डबी निघते. तिला नाव घेऊन हाक मारली की ती दिवा लावते, आणि सांगाल ते गाणे लावते. चार दिवस घरात मोठी मौज असते. सुट्टी संपते, मुले परत जातात, आणि ज्या आजीसाठी वस्तू आणली ती आजी तिच्याकडे नुसती पाहत बसते. तिला गाणी नको असतात असे नाही. काय म्हणायचे ते तिला आठवत नाही, आणि सारखे नातवंडांना विचारायचा संकोच वाटतो.

यावर उपाय एक कागदाचा आहे. त्या कागदावर काय लिहायचे, काय लिहायचे नाही, आणि लिहिण्याआधी आपण काय करून ठेवायचे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीला माझ्या यजमानांच्या आत्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण जुनी चौथी, चष्मा लावून ठळक अक्षर नीट वाचतात, कानाने थोडे कमी ऐकू येते. त्यांच्यासाठी आम्ही हा कागद केला, तेव्हा उदाहरण त्यांचेच घेते. त्यांच्याकडची डबी ॲमेझॉनची ‘एको डॉट’ आहे, तिला ‘अलेक्सा’ म्हणून हाक मारायची असते. दुसऱ्या कंपनीची डबी असली तर हाक आणि बटणे निराळी असतील, पण कागदाची रीत तीच.

आधी गाणी, मग कागद

पहिल्याच दिवशी आत्याबाई डबीला म्हणाल्या, “ते नामदेवाचं लाव गं, भीमसेनांचं.” आपल्याला यातून सगळे समजते. नरसी इथून जवळच, तेव्हा नामदेवांचे अभंग आमच्याकडे घरोघर ओळखीचे, आणि पंडित भीमसेन जोशींचा आवाज रेडिओमुळे घरातलाच झालेला. डबीला मात्र यातले थोडेच उमगते. एक तर ती हिंदी आणि इंग्रजीत चालते, मराठीत नाही. गाण्याचे किंवा गायकाचे मराठी नाव ती ओळखते, पण ‘लाव गं’ हा हुकूम तिला कळत नाही. दुसरे म्हणजे गाण्यांची तिची वही आपल्यासारखी लावलेली नाही. त्या वहीत गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि चित्रपटाचे किंवा तबकडीचे नाव, या तीन खणांवर शोध चालतो. गीत कोणाचे, अभंग कोणत्या संताचा, ही माहिती असली तर असते, नसली तर नसते. म्हणून नुसते ‘नामदेवांचे अभंग’ म्हटले की कोणीतरी नवा गायक सिंथेसायझरच्या साथीवर सुरू होतो आणि आजी म्हणते, “हे ते नव्हे.”

तिसरी अडचण बोलण्याच्या लयीची आहे. म्हातारी माणसे आठवत आठवत बोलतात. “अलेक्सा... ते... सुधीर फडक्यांचं... रामायणातलं...” मध्ये क्षणभर थांबले की डबी समजते वाक्य संपले, आणि तेवढ्यावरच काहीतरी लावून मोकळी होते. यात आजीचा दोष नाही. लांब वाक्य एका दमात म्हणायला लावणे हीच गोष्ट त्यांना अवघड आहे.

तेव्हा गाण्यांची नावे आजीला म्हणायला लावायचीच नाहीत. तिच्या आवडीची गाणी आपण आधी शोधून, पारखून, एका मागे एक लावून ठेवायची, आणि त्या साऱ्या माळेला दोनच शब्दांचे नाव द्यायचे. आत्याबाई आता फक्त म्हणतात, “अलेक्सा, नंबर वन.” लगेच भीमसेनांचे अभंग सुरू होतात.

गाणी पारखून घेणे

आत्याबाईंपाशी बसून मी आधी एका वहीत त्यांची गाणी उतरवून घेतली. त्यांनी नावे सांगितली नाहीत, आठवणी सांगितल्या. कोणते लग्नाच्या मांडवात वाजायचे, कोणते सकाळी विविध भारतीवर लागायचे, कोणते टुरिंग टॉकीजमध्ये पाहिलेल्या सिनेमातले. त्या आठवणींपुढे मी गायक आणि चित्रपट लिहीत गेले. तीन गट आपोआप झाले : अभंग, गीतरामायण आणि सिनेमाची गाणी.

मग मोबाइलमध्ये गाण्यांचे जे ॲप डबीला जोडलेले आहे, त्यात एकेक गाणे शोधायचे. इथे घाई करू नये. जुन्या गाण्याचे एकाच नावाचे चार-पाच नमुने समोर येतात. एक मूळ असतो, एक ‘झंकार’ म्हणून ठेका चढवलेला असतो, एक नव्या गायकाने गायिलेला, एक नुसता वाद्यांवर वाजवलेला. नावावरून फरक कळत नाही. पहिली अर्धी मिनिटे ऐकायची आणि खालचे तबकडीचे व गायकाचे नाव वाचायचे, हीच खूण. ‘नागिन’ हा १९५४ चा चित्रपट, संगीत हेमंतकुमारांचे. त्यातल्या पुंगीच्या सुरांची गाणी नंतर इतक्यांनी वाजवली आहेत, की मूळ गाणे मिळेपर्यंत आम्ही बरेच नमुने ऐकले. ‘साधी माणसं’ हा १९६५ चा मराठी चित्रपट. त्याच्या संगीतकाराचे नाव ‘आनंदघन’ असे दिसले तर गोंधळू नये. लता मंगेशकरांनीच त्या नावाने संगीत दिले आहे.

गीतरामायणाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग. दि. माडगूळकरांची ही छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांच्या चालींवर, पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाली. त्या वेळी ती निरनिराळ्या कलावंतांनी गायिली होती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे तबकड्यांतून घरोघर गेले ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातले गीतरामायण. आज ॲपमध्ये सहज मिळते तेही बाबूजींचेच. घरातले कोणी वडीलधारे जर म्हणाले, “हे गाणं बाईच्या आवाजात होतं,” तर त्यांची आठवण चुकली असे समजू नये. त्यांनी रेडिओवर ऐकलेले ते असू शकते. आत्याबाईंना बाबूजींचाच आवाज हवा होता, तेव्हा आमचे काम सोपे झाले.

सापडलेले गाणे लगेच आपल्या यादीत, म्हणजे ‘प्लेलिस्ट’मध्ये टाकायचे. एका यादीत पाऊण तासाच्या वर गाणी नसावीत. जुनी सिनेमाची गाणी बहुधा तीन-साडेतीन मिनिटांची असतात, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. म्हणून अशी तेरा-चौदा गाणी पुरतात. अभंग आणि गीतरामायणातली पदे लांब असतात, ती सहा-सात बस झाली. यादीतले पहिले गाणे मात्र विचार करून निवडावे. पहिल्या दोन सुरांतच आजीला ओळख पटली पाहिजे की आपण मागितले तेच लागले. हीच तिच्यासाठी पोच. यादीला नाव देताना नुसते ‘भजन’ किंवा ‘ओल्ड सॉंग्स’ देऊ नये, तसल्या नावाच्या हजारो याद्या आधीच आहेत आणि डबी दुसऱ्याची यादी उचलते. आम्ही Atyabai Abhang, Atyabai Ramayan आणि Atyabai Cinema अशी नावे दिली.

दोन शब्दांची किल्ली

आता या यादीला ‘नंबर वन’ची किल्ली बसवायची. ज्या मोबाइलवरून डबी सुरू केली त्यात Alexa नावाचे ॲप असते. ॲपची मांडणी अधूनमधून बदलते, पण Routines हा शब्द शोधला की पुरे. त्यात नवीन रुटीन सुरू करून आधी Voice निवडायचे आणि आजीने म्हणायचे शब्द लिहायचे :

```
number one
```

मग काय काय घडावे ते सांगायचे. पहिले काम आवाजाची पातळी ठरवण्याचे. डबीचा आवाज दहापर्यंत असतो, आत्याबाईंसाठी आम्ही सात ठेवला. दुसरे काम Music & Podcasts मध्ये जाऊन आपली यादी लावण्याचे. गाण्याचे काम नेहमी शेवटी ठेवावे लागते, त्याच्यानंतर दुसरे काही जोडता येत नाही. आवाज आधी ठरवण्याचा फायदा असा, की आदल्या दिवशी नातवाने आवाज कितीही चढवून ठेवला असला तरी आजीचे गाणे तिच्याच पातळीवर सुरू होते. अशाच रीतीने ‘नंबर टू’ आणि ‘नंबर थ्री’ करायचे.

शब्द कोणते निवडावेत? जे आजीच्या तोंडी सहज येतात आणि डबीलाही कळतात, ते. आम्ही तीन-चार नावे आत्याबाईंकडून म्हणवून पाहिली. ‘देवाची गाणी’ त्यांना आवडले, पण मराठी म्हणून डबीला कधी कळे, कधी नाही. ‘मॉर्निंग’ हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. ‘नंबर वन’ मात्र एसटीच्या फलाटापासून दवाखान्यातल्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकलेला. पाचदा म्हणाल्या, पाचही वेळा गाणे लागले, तेव्हा तो ठरला. आपल्या घरी दुसरा शब्द बसेल, पण कसोटी हीच ठेवावी : ज्या व्यक्तीला वापरायचे आहे तिच्याच आवाजात, पाचपैकी पाच वेळा. आपण म्हटल्यावर लागते, याला काही अर्थ नाही.

हाकेचे नावही बदलता येते. ‘अलेक्सा’ कठीण वाटते म्हणून कोणी ‘एको’ हे सोपे नाव ठेवायला सुचवील. आपल्या मराठी घरात ते ठेवू नये असे मला वाटते. “अहो, ऐका,” “ऐकलंत का” हे शब्द आपल्याकडे दिवसातून शंभरदा उच्चारले जातात, आणि ते त्या नावाला कानाने फार जवळचे आहेत. ‘अलेक्सा’सारखा दुसरा शब्द आपल्या बोलण्यात येत नाही, म्हणूनच तो बरा.

गाणे बंद करणे, आवाज कमीजास्त करणे यासाठी डबीची भाषा हिंदी व इंग्रजी अशी दोन्ही मिळून ठेवावी. ॲपमध्ये डबीच्या सेटिंगमध्ये Language खाली हे मिळते. मराठवाड्यातल्या जुन्या बायकांना बाजारहाटाची हिंदी चांगली येते. ‘बंद करो’, ‘आवाज बढाओ’ म्हणायला त्यांना शिकवावे लागत नाही.

कागद

एवढी तयारी झाली की कागदावर लिहायला फार थोडे उरते, आणि तेच हवे. आमचा कागद असा आहे :

गाणी लावण्यासाठी

१. म्हणा : अलेक्सा
(निळा दिवा लागेल.)

२. लगेच म्हणा :
नंबर वन – अभंग
नंबर टू – गीतरामायण
नंबर थ्री – सिनेमाची गाणी

३. बंद करायचे असेल तर म्हणा : अलेक्सा
गाणे हळू होईल. मग म्हणा : बंद करो

४. आवाज मोठा हवा : अलेक्सा, आवाज बढाओ
आवाज लहान हवा : अलेक्सा, आवाज कम करो

बस, पुढच्या बाजूला इतकेच. यातल्या काही गोष्टींची कारणे सांगते, म्हणजे तुम्ही आपला कागद करताना काय ठेवायचे, काय बदलायचे ते कळेल.

म्हणायचे शब्द ठळक आणि बाकीचे बारीक, असे दोनच प्रकारचे अक्षर ठेवले. आत्याबाईंना ठळक तेवढे मोठ्याने वाचायचे हे एकदाच सांगावे लागले. ‘अलेक्सा’ हा शब्द दरवेळी पुन्हा लिहिला. आपण लिहिताना वाटते की एकदा सांगितले की झाले, पण बंद करताना आजी नुसतेच ‘बंद करो’ म्हणत राहते आणि डबी गातच राहते. हाक मारल्यावर डबी आपणहून गाणे हळू करते आणि कान देते. ही खूण दिवा न पाहताही कळते, म्हणून तिसऱ्या ओळीत ती मुद्दाम लिहिली. गाणे हळू झाले नाही तर हाक ऐकू गेली नाही असे समजायचे आणि पुन्हा हाक मारायची.

कागदावर ‘माइक’, ‘वायफाय’, ‘ॲप’ असला एकही शब्द नाही. हवामान विचारा, बातम्या ऐका, गजर लावा, असे काहीही नाही. डबी पुष्कळ कामे करते, पण एका कागदावर एकच काम असावे. दुसरे काम शिकवायचे झाले तर दोन महिन्यांनी दुसरा कागद करावा.

अक्षर साधारण एक सेंटिमीटर उंचीचे, पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने लिहावे. रंगीत अक्षरे म्हाताऱ्या डोळ्यांना फिकी दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घेण्याचा मोह होतो, पण त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि अर्धा कागद दिसत नाही. साध्या पुठ्ठ्यावर डकवून डबीशेजारी, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असा ठेवावा.

कागदाची मागची बाजू

गाणे लागले नाही, की म्हातारे माणूस आपलेच काहीतरी बिघडले असे समजते आणि पुन्हा त्या वस्तूच्या वाटेला जात नाही. म्हणून मागच्या बाजूला तीनच खुणा लिहिल्या :

गाणे लागले नाही तर दिवा पाहा

लाल दिवा : पांढरी पट्टी लावलेले बटण एकदा दाबा. लाल दिवा जाईल.

दिवा लागतच नाही : वीज आहे का पाहा. भिंतीवरचे बटण चालू आहे का पाहा.

डबी बोलते पण गाणे लागत नाही, किंवा नारिंगी दिवा : काही करू नका. पाच मिनिटे थांबा. तरी लागले नाही तर सूनबाईला फोन करा.

लाल दिव्याचे कारण अगदी घरगुती आहे. डबीवर चार बटणे असतात : अधिक, उणे, एक ठिपक्याचे, आणि एक डबीचे कान बंद करण्याचे. धूळ पुसताना फडके फिरवले की हे शेवटचे बटण दाबले जाते. मग डबी लाल दिवा लावून बहिरी बसते, कितीही ओरडा. तेच बटण पुन्हा दाबले की ठीक होते. आम्ही त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. ठिपक्याच्या बटणावर हिरवी टिकली लावली. हे बटण दाबले की हाक न मारताही डबी ऐकू लागते, मग नुसते ‘नंबर वन’ म्हटले तरी चालते. सर्दीने आवाज बसला असेल किंवा कवळी काढून ठेवली असेल, त्या दिवशी टिकली कामाला येते. काही स्वस्त डब्यांना हे ठिपक्याचे बटण नसते, तेव्हा आधी पाहून घ्यावे.

पाच मिनिटे थांबायचे ते विजेमुळे. डबीत बॅटरी नसते. वीज गेली की गाणे थांबते, आणि परत आल्यावर डबी व इंटरनेटचे यंत्र दोन्ही पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे घेतात. तोवर नारिंगी दिवा फिरतो किंवा डबी ‘इंटरनेट नाही’ अशा अर्थाचे काहीतरी बोलते. थांबलेले गाणेही आपणहून सुरू होत नाही, पुन्हा ‘नंबर वन’ म्हणावे लागते.

घरात वेगळे इंटरनेट नसून मुलाच्या मोबाइलवरून डबीला जोडलेले असेल, तर मुलगा दुकानावर गेला की आजीची गाणीही गेली. अशा घरात ठरावीक जागी राहणारे वायफायचे यंत्र असल्याशिवाय कागद करून उपयोग नाही. गाणी तासभर ऐकली तर प्रतीनुसार साधारण साठ ते दीडशे एमबी डेटा जातो, एवढा हिशेब धरून ठेवावा.

आणखी एक गोष्ट कागदावर नको, पण आपल्याला ठाऊक हवी. आत्याबाईंचे गाणे एकदा-दोनदा अर्ध्यातच थांबले. वीज होती, दिवा ठीक होता. शोध घेतला तेव्हा कळले की पुण्याचा पुतण्या त्याच खात्यावरून बसमध्ये गाणी ऐकत होता. एकट्याच्या वर्गणीचे खाते बहुधा एका वेळी एकाच ठिकाणी वाजते. मग त्याने आपले खाते वेगळे केले. तसेच गाण्यांच्या काही फुकट योजनांत मागितलेले गाणे न लागता त्याच जातीचे दुसरे लागते, किंवा मध्येच जाहिरात येते. आपली यादी जशीच्या तशी, क्रमाने वाजते का, हे आठवडाभर पाहूनच वर्गणी घ्यायची की नाही ते ठरवावे.

तीन दिवसांची तालीम

कागद लिहून दिला की काम संपत नाही. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले आणि बोलले नाही. आत्याबाई जिथे अडल्या तिथे कागदावर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या ओळीतला ‘लगेच’ हा शब्द तिथूनच आला. त्या हाक मारून निळा दिवा निरखत बसत, आणि तोवर डबीचा कान मिटे. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात थांबले. तेव्हा लक्षात आले की कूलर सुरू असताना डबीला त्यांची हाक ऐकू जात नाही. डबी कूलरपासून दूर, भिंतीपासून वीतभर पुढे, त्यांच्या खाटेपासून चार-पाच फुटांवर आणली. नव्या गोल डब्यांचा दिवा तळाशी असतो. उंच फळीवर ठेवली तर बसलेल्या माणसाला तो दिसत नाही, म्हणून ती स्टुलावरच बरी. तिसऱ्या दिवशी मी हिंगोलीहून फोन केला आणि म्हटले, “आत्या, नंबर टू लावून दाखवा बरं.” फोनवरूनच बाबूजींचा आवाज ऐकू आला. मग सुधारलेला मजकूर पक्क्या कागदावर उतरवला आणि खाली तारीख घातली, म्हणजे जुना-नवा कागद ओळखता येतो.

पहाटेचे अभंग हवे असतील तर काहीच म्हणावे लागू नये अशीही सोय Routines मध्ये आहे. Voice ऐवजी वेळ निवडायची, साडेपाच म्हटले की साडेपाचला गाणे आपोआप सुरू होते. पण हे आजीला आधी सांगून, तिच्या संमतीने करावे. पहाटे अंधारात अचानक आवाज सुरू झाला तर कोणीही दचकेल.

ज्या घरात इंटरनेट नाही किंवा दिवसातून चारदा जाते, तिथे ही डबी घेऊ नये. २०१७ पासून बाजारात असलेले ‘सारेगामा कारवां’सारखे रेडिओच्या घाटाचे यंत्र तिथे बरे. त्यात हजारो गाणी आतच भरलेली असतात, इंटरनेट लागत नाही, आणि मराठी गाण्यांचेही मिळते. मात्र त्यात आपल्या निवडीच्या गाण्यांची माळ करायची तर ती पेनड्राइव्हमध्ये भरून लावावी लागते. कागद त्यालाही लागेलच, फक्त तिथे शब्दांऐवजी बटणे येतील, आणि आपल्या टिकल्या तिथेही चिकटतील.

दर दोन-तीन महिन्यांनी आजीला विचारून यादीतली दोन-चार गाणी बदलावीत, पण ‘नंबर वन’ म्हणजे अभंग, हा क्रम मुळीच बदलू नये. आषाढीला विठ्ठलाचे जास्त अभंग घालायचे तर ते नंबर वनच्याच यादीत घालावेत. कागद तसाच राहिला पाहिजे. कागदावर काय लिहिले आहे ते आत्याबाई आता पाहतही नाहीत, पण मी तो काढून ठेवते म्हटले तर म्हणाल्या, “असू दे तिथंच. एखाद्या दिवशी नाही आठवलं तर?”